नारू: लस नाही, औषध नाही, मग फडक्याने कसा हटला?

आजीच्या उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, एक पांढरट आत ओढल्यासारखा डाग होता. लहानपणी मी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "नारू निघाला होता रे, दोन महिने पाय टेकवला नव्हता." आणि त्याच आजीला मी आयुष्यभर घागरीच्या तोंडाला फडकं बांधूनच पाणी भरताना बघितलंय, घरात नळ आल्यावरसुद्धा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून ज्याला त्याला सांगत सुटलोय, कारण आपल्याकडे तिशीच्या आतल्या माणसाला नारू हा शब्दच माहीत नसतो.

नारू म्हणजे किडा. इंग्रजीत त्याला गिनी वर्म म्हणतात. मादी पूर्ण वाढली की साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटर लांब होते आणि जाडीला शिजवलेल्या शेवईएवढी, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. आणि ही एवढी लांब गोष्ट माणसाच्या कातडीखालून हळूहळू बाहेर येते, तेही बहुतेक वेळा पायातनं. ऐकायला भयंकर वाटतं आणि आहेच भयंकर, पण तो आत शिरतो कसा ते बघितलं की त्याला अडवायची जागाही तिथेच दिसते.

सुरुवात पाण्यातल्या पिसूपासून करू. तळ्याचं, हौदाचं किंवा जुन्या विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हाकडे धरलं तर कधीकधी पांढरे ठिपके दिसतात, आणि ते नुसते तरंगत नाहीत, झटके देत पुढे सरकतात, थांबतात, परत झटका देतात. त्यातले बरेचसे सायक्लॉप्स असतात. लांबी एक ते दोन मिलिमीटर, डोक्यावर एकच डोळा, आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या. यांना सरसकट पाण्यातले पिसू म्हणतात, खरं तर ते कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले आहेत, पण नावाने काही अडत नाही. हा जीव स्वतः निरुपद्रवी आहे, नुसता सायक्लॉप्स पोटात गेला तर काहीही होत नाही. भानगड तेव्हा होते जेव्हा त्याने नारूची अळी खाल्लेली असते.

नारूची मादी पाण्यात ज्या अळ्या सोडते त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब आणि केसापेक्षाही बारीक असतात. पाण्यात त्या काही दिवसच जगतात. तेवढ्यात एखाद्या सायक्लॉप्सने गिळलं नाही तर मरतात, संपला विषय. गिळलं तर त्याच्या आतडीतून बाहेर पडून त्याच्या अंगात राहतात, दोनदा कात टाकतात, आणि गरम हवेत साधारण दोन आठवड्यांनी माणसाला लागण करण्याइतक्या तयार होतात. हे दोन आठवडे नीट लक्षात ठेवा, कारण पाण्यात नुसती मोकळी पोहणारी अळी तुम्ही प्यायलात तरी नारू होत नाही, ती कच्ची असते. नारू व्हायला अळी सायक्लॉप्सच्या आत राहून पिकलेलीच लागते. सगळी गंमत या एका अटीत आहे, आणि फडकं का चालतं याचं उत्तरही याच अटीत आहे, त्यावर येतोच.

मग माणूस ते पाणी पितो. सायक्लॉप्स पोटात जातो आणि जठरातल्या आम्लाने मरतो, पण आतली अळी मरत नाही, उलट ती जागी होते. हे रॉबर्ट लायपर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९०५ च्या सुमारास आफ्रिकेत अक्रा इथे बघितलं. त्याने लागण झालेले सायक्लॉप्स जठरात असतं तसल्या सौम्य आम्लात टाकले, सायक्लॉप्स मेले आणि आतल्या अळ्या वळवळत बाहेर पडल्या. मग त्याने तसलेच सायक्लॉप्स केळ्यातून एका माकडाला खायला घातले आणि सहा महिन्यांनी त्या माकडाच्या अंगात नारू सापडला. त्याच्याही आधी, १८७० च्या सुमारास, अलेक्सेई फेडचेंको या रशियन माणसाने मध्य आशियात अळ्या सायक्लॉप्सच्या अंगात शिरतात हे दाखवलं होतं. म्हणजे हा रोग पिण्याच्या पाण्यातून येतो आणि त्यात मधला वाहक सायक्लॉप्स आहे हे शंभरावर वर्षांपूर्वी माहीत झालेलं होतं. पाण्यात पाय बुडवला म्हणून तो कातडीतून आत शिरत नाही, रोग्याला हात लावला म्हणून होत नाही, शापाने तर नाहीच नाही.

पोटातली अळी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत जाते. तीनेक महिन्यांत नर-मादी एकत्र येतात. नर अगदी छोटा, दोन-चार सेंटिमीटरचा, तो नंतर मरतो आणि तिथेच विरतो. मादी मात्र वाढत राहते, स्नायूंच्या मधून, कातडीखालून हळूहळू खाली सरकत राहते आणि तिचं अख्खं शरीर लाखो अळ्यांनी भरून जातं. या सगळ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. ताप नाही, दुखणं नाही, आणि एवढ्या आधी पक्कं सांगू शकेल अशी रोजच्या वापरातली रक्ताची टेस्टही नाही. दहा ते चौदा महिने असेच जातात, म्हणजे ज्याने गेल्या ज्येष्ठात ते पाणी प्यायलं त्याला या ज्येष्ठात कळतं. गावात लोक म्हणायचे की काल विहिरीवर गेलो आणि आज नारू निघाला, यात त्यांची चूक काहीच नव्हती, वर्षापूर्वी कुठलं पाणी प्यायलो हे कुणाला आठवतं?

आता फोड. बाहेर यायच्या एक-दोन दिवस आधी अंगाला खाज सुटते, कधी पुरळ येतं, थोडा ताप, मळमळ. मग पावलावर, घोट्यापाशी किंवा पोटरीवर एक फोड येतो, आणि त्याची जी आग होते तिचं वर्णन करताना आजी म्हणायची, "निखारा ठेवल्यागत." दहातल्या आठ-नऊ केसेसमध्ये तो कमरेच्या खालीच येतो पण हातावर, छातीवर, कुठेही येऊ शकतो. एक ते तीन दिवसांत फोड फुटतो आणि आत मादीचं पांढरं टोक दिसतं.

एवढी आग होत असताना माणूस काय करतो? पाय गार पाण्यात घालतो. तळ्याच्या काठावर बसून, किंवा पाणी भरायला पायऱ्या उतरला की. आणि नारूला नेमकं हेच हवं असतं. गार पाणी लागलं की मादीचं शरीर आकसतं आणि दुधासारखा एक ढग पाण्यात सुटतो. तो ढग म्हणजे लाखो अळ्या. पुढचे कित्येक दिवस पाय पाण्याला लागला की परत थोडा ढग. एका माणसाचा एक पाय, एकदाच गावच्या पाण्यात गेला, तर पंधरा दिवसांनी त्या पाण्यातले सायक्लॉप्स अख्ख्या गावाला पुढच्या वर्षीचा नारू द्यायला तयार असतात.

काढायचा कसा, तर ओढायचा नाही. टोक बाहेर आलं की ते काडीला किंवा गुंडाळलेल्या गॉजला अडकवायचं आणि रोज एक-दोन पेरं, जेवढं सहज येईल तेवढंच गुंडाळायचं, की थांबायचं. हजारो वर्षं हीच पद्धत आहे. आजही आरोग्य कार्यकर्ते मूळ हेच करतात, फक्त आधी पाय बादलीतल्या पाण्यात बुडवून मादीला शक्य तेवढ्या अळ्या तिथेच सोडायला लावतात आणि ते पाणी विहिरी-तळ्यापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतून टाकतात, मग जखम स्वच्छ करून मलम लावतात, दुखणं कमी करायच्या गोळ्या देतात, पट्टी बांधतात. पूर्ण निघायला कधी काही दिवस तर कधी कित्येक आठवडे. घाई केली आणि किडा तुटला तर उरलेला तुकडा आत आक्रसतो, त्यातल्या अळ्या मांसात सांडतात आणि पाय टरारून सुजतो, पू होतो. जखमेतून धनुर्वात व्हायचीही भीती असते, आणि सांध्याजवळ असेल तर सांधा कायमचा आखडू शकतो. माणूस सहसा मरत नाही, पण महिनोन् महिने उभा राहू शकत नाही. वर हा रोग निघतो तो बऱ्याच ठिकाणी ऐन पेरणीच्या नाहीतर कापणीच्या दिवसांत, कारण गेल्या वर्षी त्याच हंगामात ते पाणी प्यायलेलं असतं. मालीमधले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा रोग म्हणतात, आणि ज्या शेतकऱ्याचा एक हंगाम हातचा गेलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

मग लस का नाही? देवीच्या रोगात एकदा रोग होऊन गेला की शरीर आयुष्यभर लक्षात ठेवायचं, म्हणून लस देऊन ती आठवण आधीच तयार करता आली आणि देवी संपली. नारूच्या बाबतीत शरीर धडा घेतच नाही. एकाच माणसाला दरवर्षी नारू निघालाय, एका वेळी तीन-चार निघालेत, अशी माणसं भरपूर होऊन गेली. वर्षभर एक मीटरचा किडा कातडीखाली फिरतो आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेला पत्ता लागत नाही, इतका तो लपून राहण्यात तरबेज आहे. जिथे प्रत्यक्ष रोग होऊनसुद्धा संरक्षण मिळत नाही तिथे लस बनवणं फार कठीण. औषधाचंही तसंच, आतल्या नारूला मारेल असं खात्रीचं औषध आजही नाही.

पण लस माणसाच्या आत काम करते, आणि नारूला आत अडवायची गरजच नाही, त्याला दारातच अडवता येतं. वर म्हटलं ती अट आठवा. मोकळी अळी फडक्यातून सहज निघून जाईल, इतकी बारीक असते, पण ती गेली तरी काही होत नाही. जी धोक्याची आहे ती सायक्लॉप्सच्या आत बसलेली आहे, आणि सायक्लॉप्स एक-दीड मिलिमीटरचा, डोळ्याला दिसेल एवढा. नारू हटवायच्या मोहिमेत वापरायच्या नायलॉनच्या जाळीची छिद्रं साधारण ०.१ मिलिमीटरची असतात, त्यातून तो जाऊच शकत नाही. टायफॉइड किंवा कॉलराचा जिवाणू सायक्लॉप्सपेक्षा शेकडो पटींनी लहान असतो, म्हणून या जाळीतून गाळलेल्या पाण्याने जुलाब थांबतील असं समजू नये, त्यासाठी उकळणं किंवा क्लोरीन लागतंच. पण नारूसाठी मात्र फडकं पुरतं. पूर्ण पुरतं. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं, की किड्याने आपला मुक्काम नेमक्या अशा जिवात ठेवला जो गाळणीत अडकण्याएवढा मोठा आहे.

फडक्यातही चुका होतात आणि त्या माहीत हव्यात. सुती कापड चालतं, पण गढूळ पाण्याने लवकर बुजतं आणि मग बाई वैतागून ते बाजूला ठेवते, म्हणून आफ्रिकेतल्या मोहिमेत नायलॉनची जाळी आली, ती धुतली की लगेच मोकळी होते. फाटलेलं फडकं म्हणजे फडकं नसल्यासारखंच. आणि सगळ्यात नकळत होणारी चूक म्हणजे फडकं उलटं लावणं. काल वरच्या बाजूला अडकलेले सायक्लॉप्स आज खाली, घागरीच्या तोंडाशी येतात आणि पाणी ओतलं की धुऊन थेट आत. म्हणून एक बाजू ठरवून तीच कायम वर ठेवायला शिकवतात. आजीच्या फडक्याच्या एका कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ असायची, ती वरच्या अंगाला आली पाहिजे असा तिचा हट्ट होता, मला वाटायचं ओळखीसाठी असेल. आता वाटतं, कुणीतरी सांगितलं असणार.

घरी फडकं आहे पण शेतात, गुरांमागे, प्रवासात काय? त्यासाठी गळ्यात अडकवायची नळी निघाली, स्ट्रॉसारखी, एका टोकाला तीच जाळी. तळ्यात तोंड घालून प्यायचं असेल तरी या नळीने प्यायचं. एकट्या सुदानमध्ये २००१ च्या मोहिमेत अशा लाखो नळ्या वाटल्या गेल्या.

फडक्याच्या जोडीला अजून दोन गोष्टी लागतात. ज्याला नारू निघालाय त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि हे चोवीस तासांच्या आत व्हायला हवं, म्हणून गावागावात एक माणूस नेमलेला असतो जो घरोघर विचारत फिरतो आणि बातमी देणाऱ्याला बक्षीस असतं. दुसरं म्हणजे संशय असलेल्या पाण्यात टेमेफॉस नावाचं औषध टाकायचं, दहा लाख भाग पाण्याला एक भाग इतकं थोडं. त्याने सायक्लॉप्स मरतात आणि एवढ्या प्रमाणात माणसाला त्रास होत नाही, मात्र ते साधारण महिन्याने परत टाकावं लागतं, आणि वाहत्या पाण्यात त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे हे कसं झालं ते बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर शोधमोहीम झाली तेव्हा राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र, अशा सात राज्यांत नारू होता, आणि वर्षाला रोगी सुमारे ४० हजार. आपल्याकडे मुख्य जागा म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, बारव. बारवेत पाणी भरायला पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालावाच लागतो. सकाळी एक बाई नारूचा पाय घेऊन घागर भरते, आणि तिच्या मागे अख्खं गाव तिथलंच पाणी पितं. म्हणून त्या विहिरींना कठडे बांधून त्या पोहऱ्याने पाणी शेंदायच्या केल्या, नाहीतर शेजारी हापसा बसवला, रोगी शोधले, फडकी वाटली, टेमेफॉस टाकलं. भारतातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मधली वर्षं का लागली, तर किडा वर्षभर गप्प बसतो, त्यामुळे एक वर्ष रोगी नाही याला काही अर्थ नाही, निदान तीन वर्षं सलग कडक नजर ठेवून शून्य लागतं.

वर्षभराचं हे गप्प बसणं उलट्या बाजूनेही अंगाशी येतं. घानामधल्या सावेलुगू या गावात नळाचं पाणी २००६ मध्ये बराच काळ बंद पडलं, लोक तळ्याच्या पाण्यावर आले, आणि २००७ च्या सुरुवातीला शेकडो रोगी एकदम निघाले, तोवर सगळ्यांना वाटत होतं की तिथलं काम संपत आलंय. घानाने मग परत नेटाने काम केलं, २०१० मध्ये तिथला शेवटचा रोगी झाला.

जगभरात १९८६ मध्ये वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता, आफ्रिका आणि आशियातल्या एकवीस देशांत. त्या वर्षापासून अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या कार्टर सेंटरने हे काम अंगावर घेतलं. २०२४ मध्ये अख्ख्या जगात माणसांमधले रोगी १५, चाड आणि दक्षिण सुदानमध्ये. एकही लस न टोचता, ३५ लाखांवरून पंधरा.

मग ते पंधरा का राहिलेत? कारण चाडमध्ये एक नवीनच गोष्ट समोर आली. २०१२ पासून तिथे कुत्र्यांच्या पायातून नारू निघताना दिसायला लागला, आणि २०१९ मध्ये तर एका वर्षात सुमारे दोन हजार कुत्री सापडली. तपासलं तर किडा तोच, माणसाचाच. आतापर्यंत आपलं सगळं गणित या समजुतीवर उभं होतं की नारूला माणसाशिवाय घर नाही. चारी नदीच्या काठी मासेमारी करणारी गावं आहेत, मासे साफ करताना आतडी तिथेच टाकली जातात आणि कुत्री ती खातात. मासे आणि बेडूक सायक्लॉप्स खातात आणि अळ्या त्यांच्या अंगात जिवंत राहतात, असा संशय आहे. फडक्याचा इथे काही उपयोग नाही, कुत्रं काय गाळून पिणार आणि मासा काय गाळून खाणार.

म्हणून आता तिथली कामं वेगळी आहेत. मासा पूर्ण शिजवून खायचा, आतडी खड्ड्यात पुरायची, आणि नारूच्या दिवसांत कुत्रं दावणीला बांधून ठेवायचं, म्हणजे ते तळ्यात उतरत नाही. बांधलेल्या कुत्र्याला रोज खायला-प्यायला घालावं लागतं, ज्या घरात माणसांनाच पुरत नाही तिथे हे सोपं नाही, तरी हजारो घरं ते करतायत आणि चाडमधल्या कुत्र्यांचा आकडा उतरलाय. २०२४ मध्ये सगळ्या देशांत मिळून साडेसहाशेच्या वर जनावरांत नारू सापडला, चाडच्या बरोबरीने कॅमेरूनमध्येही बरेच. मोहिमेने आता २०३० हे वर्ष धरलंय. आणि शेवटचं कुत्रं सापडल्यानंतरही पुढची तीन वर्षं कोणीतरी रोज घरोघर जाऊन विचारत राहणार आहे, कुणाच्या पायाला फोड आलाय का.